खादी-लिननची धुलाई: सुरकुती आणि कडकपणा येतो कुठून?

हाताने कातलेले सूत हातमागावर विणले की खादी होते. १९५६ च्या खादी आणि ग्रामोद्योग आयोग कायद्याच्या व्याख्येत सुती, रेशमी आणि लोकरी अशा तिन्ही प्रकारच्या सुताची खादी येते. बोलताना मात्र खादी म्हणजे सुती खादीच अभिप्रेत असते आणि या लेखातही तिचाच विचार केला आहे. लिननचा तंतू जवसाच्या खोडातून निघतो. विदर्भात जवस घेतात ते तेलासाठी. धाग्यासाठी लागणारे उंच, कमी फांद्यांचे वाण प्रामुख्याने फ्रान्स आणि बेल्जियममध्ये पिकते. कापूस बोंडातला आणि जवसाचा तंतू खोडातला असला तरी दोन्ही मुख्यतः सेल्युलोजच. त्यामुळे धुलाईनंतरच्या त्यांच्या तक्रारीही सारख्याच असतात: कपडा चुरगळलेला निघतो आणि वाळल्यावर पापडासारखा ताठ होतो.

सुरकुती कशी पडते हे समजले की यंत्राचे कोणते बटण महत्त्वाचे ते आपोआप कळते. सेल्युलोजच्या लांब साखळ्या एकमेकींना हायड्रोजनच्या दुबळ्या बंधांनी धरून असतात. कापड भिजले की पाणी या साखळ्यांमध्ये शिरते, बंध सुटतात आणि तंतू मऊ, वाकवता येईल असा होतो. पाणी निघून जाताना बंध पुन्हा जुळतात, पण त्या वेळी कापड ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत जुळतात. कपडा सपाट असेल तर तो सपाट राहतो, पिळलेला असेल तर पीळ कायम होतो. म्हणजे ओल्या कापडाला पडलेली घडी अजून कच्ची असते. ती पक्की होते वाळताना. इस्त्रीचे कामही याच तत्त्वावर चालते. ओल आणि उष्णता बंध सोडवतात, दाब कापड सपाट करतो आणि वाफ निघून गेल्यावर बंध त्या सपाट अवस्थेत जुळतात.

लिनन सुती कापडापेक्षा जास्त चुरगळते याचे कारण तंतूच्या रचनेत आहे. त्याच्या साखळ्या अधिक सरळ आणि अधिक घट्ट रचलेल्या असतात. त्यामुळे तंतू मजबूत होतो, पण त्याला ताण फारसा देता येत नाही. कापसाचा तंतू तुटण्यापूर्वी साधारण सहा-सात टक्के लांबतो, लिननचा जेमतेम दोन-तीन टक्के. ज्याला लांबता येत नाही त्याला वाकल्यावर पूर्ववत होणेही जड जाते. म्हणूनच लिननची पँट घालून तासभर बसले तरी मांडीवर रेघा उमटतात. हा दोष धुलाईचा नाही आणि कोणत्याही धुलाईने तो जाणारही नाही. चांगल्या धुलाईकडून अपेक्षा एवढीच ठेवावी, की त्या स्वाभाविक सुरकुत्यांत यंत्राने पाडलेल्या आडव्यातिडव्या, खोल घड्यांची भर पडू नये.

खादीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तिचा तंतू साध्या कापसाचा असला तरी सूत हाताने कातलेले, कमी पिळाचे आणि जाडीला कमीजास्त असते. त्याच कारणाने ती अंगाला मऊ लागते आणि घाम टिपते. पण त्याच कारणाने घासली गेल्यावर तिच्यावर लव येते आणि ती जागोजागी कमीजास्त आटते. आटण्याचे प्रमाण पहिल्या धुलाईत सर्वाधिक असते. तीन ते पाच टक्के आटणे नेहमीचे, विरळ विणीच्या कापडात त्याहूनही जास्त. अडीच मीटर कापड चार टक्के आटले तर दहा सेंटिमीटर गेले. जुने शिंपी कापड पाण्यातून काढून आणायला सांगत ते यासाठीच. न शिवलेली खादी रात्रभर साध्या थंड पाण्यात बुडवून, न पिळता वाळवली की आटणे बऱ्याच अंशी आधीच होऊन जाते आणि विणण्यापूर्वी ताण्याला लावलेली खळही निघते. नवी खादी पहिल्यांदा हाताला करकरीत लागते ती या खळीमुळे. तो कडकपणा दोन-तीन धुलाईंत जातो. त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ओली खादी किंवा ओले लिनन कमकुवत होते म्हणून ते जपून धुवावे, असे समजले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. रेशीम आणि व्हिस्कोस भिजल्यावर दुबळे होतात. कापूस आणि लिनन भिजल्यावर उलट अधिक मजबूत होतात. पिढ्यान्‌पिढ्या धोबीघाटावर दगडावर आपटूनही सुती धोतरे टिकत आली ती यामुळे. सौम्य धुलाई लागते ती तंतू तुटेल म्हणून नव्हे. कमी पिळाचे सूत घासून उसवू नये आणि भिजून मऊ झालेल्या कापडावर खोल घड्या दाबल्या जाऊ नयेत, हे त्यामागचे कारण आहे.

वाळल्यानंतरच्या कडकपणाला मात्र एकच कारण नसते, म्हणून उपायही एक नाही. पहिले कारण खुद्द पाणी. जपानमधील काओ कंपनी आणि होक्काइडो विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की वाळलेल्या सुती कापडाच्या तंतूंवर पाण्याचा अत्यंत पातळ थर चिकटून राहतो आणि तो शेजारच्या तंतूंना एकमेकांशी सांधतो. बंद खोलीत किंवा वारा पडलेला असताना वाळलेला कपडा अधिक ताठ का होतो, हे यातून उलगडते. वाऱ्यावर हलत वाळलेल्या कपड्यात हे सांधे जुळता जुळता मोडत राहतात. अशा कडकपणाला औषध लागत नाही. कपडा दोन्ही हातांत धरून जोराने झटकला, थोडा चोळला, की तो मऊ पडतो.

दुसरे कारण पाण्यातले क्षार. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. बोअरवेलवर चालणाऱ्या वस्त्यांत पाणी या पहिल्या मर्यादेच्या पुढे जाणे नवलाचे नाही. अशा पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका बनवतात. तो विणीत अडकतो, पांढऱ्या खादीला करडी झाक आणतो आणि गडद कुर्त्याच्या शिवणींवर पांढुरकी भुकटी दाखवतो. तिसरे कारण म्हणजे नीट न निघालेली पावडर. जास्त घातली म्हणून कपडा जास्त स्वच्छ होत नाही, आणि जाड सुताची खादी ती सहजी सोडत नाही.

यातले नेमके कोणते कारण आहे हे घरच्या घरी ओळखता येते. वाळलेला कपडा चोळल्यावर मऊ झाला, तर दोष वाळवण्याचा. तसे झाले नाही, तर तोच कपडा कोणताही साबण न घालता बादलीभर कोमट पाण्यात टाकून हाताने ढवळावा. पाण्यावर फेस आला किंवा पाणी बुळबुळीत लागले, तर मागच्या धुलाईची पावडर अंगात राहिली आहे. ती मात्रा कमी करून आणि एक खळबळ वाढवून जाते. फेस आला नाही आणि कडकपणाही गेला नाही, तर दोष क्षारांचा. त्यासाठी पाच लिटर पाण्यात पाव कप साधे पांढरे व्हिनेगर घालून त्यात कपडा पंधरा-वीस मिनिटे ठेवावा आणि मग साध्या पाण्यातून काढावा. हे पाणी ब्लीचसोबत कधीही वापरू नये, कारण त्या संयोगातून क्लोरीन वायू सुटतो. बाजारातले फॅब्रिक कंडिशनर कडकपणा झाकते, पण तंतूंवर मेणचट लेप चढवून. त्यामुळे पाणी शोषण्याचा गुण कमी होतो, आणि खादी-लिनन उन्हाळ्यात घालायचे ते याच गुणासाठी. नेहमीची सवय म्हणून ते या कपड्यांना न घातलेलेच बरे.

आता यंत्र. ऑटोमॅटिक मशीनच्या तबकडीवर ‘कॉटन’ असे लिहिलेले असते आणि सुती खादीसाठी तेच योग्य असे सहज वाटते. नेमके तेच टाळायचे असते. ते आवर्तन चादरी, टॉवेल, बनियन अशा घट्ट विणीच्या, मळक्या कपड्यांसाठी आखलेले असते: ड्रम गच्च भरायचा, पाणी त्या मानाने कमी, घुसळण दीर्घ आणि शेवटी जोराचा स्पिन. ‘क्विक’ नावाचे पंधरा-तीस मिनिटांचे आवर्तनही सौम्य नसते. ते वेळ वाचवते ते बऱ्याचदा खळबळीचे पाणी कमी करून, आणि स्पिनचा वेग मात्र तसाच ठेवून. खादी-लिननसाठी ‘डेलिकेट’, ‘जेंटल’ किंवा ‘हँड वॉश’ यांपैकी जे असेल ते निवडावे. या आवर्तनांत ड्रम कमी वेळा आणि सावकाश फिरतो, मध्ये थांबतो आणि पाण्याची पातळी वरची असते. भरपूर पाण्यात कपडे तरंगत हलतात; कमी पाण्यात ते एकमेकांवर घासतात आणि त्यांचा बोळा होतो.

सौम्य आवर्तन निवडूनही तीन गोष्टी हाताने पाहाव्या लागतात. पहिली भरणा. सात किलोच्या मशीनची ही क्षमता ‘कॉटन’ आवर्तनाची असते. सौम्य आवर्तनाला साधारण दोन-अडीच किलो चालतात, म्हणजे ड्रम अर्ध्याहून रिकामा दिसायला हवा. मात्र एकटा कुर्ताही टाकू नये. स्पिनच्या वेळी तो एका बाजूला गोळा होतो, ड्रमचा तोल जातो आणि मशीन पुन्हा पुन्हा प्रयत्न करत त्याला घोळत राहते. दुसरी गोष्ट तापमान: रंगीत कपड्यांना थंड किंवा ३० अंश, पांढऱ्यांना फार तर ४०. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट स्पिनचा वेग. काही मशीनमध्ये सौम्य आवर्तनाचाही ठरीव वेग मिनिटाला ८०० फेऱ्यांपर्यंत असतो. तो वेगळ्या बटणाने ४०० वर आणावा. एवढा एक बदल केला तरी सुरकुत्यांचे निम्मे काम होते, असे म्हणायला हरकत नाही.

याचे कारण एका ठरावीक भरण्यावर पाहता येईल. दोन खादी कुर्ते, एक लिनन शर्ट आणि एक लिनन पँट असे कपडे घेतले तर कोरडे वजन सुमारे १.२ किलो होईल. १२०० फेऱ्यांच्या स्पिननंतर सुती कापडात त्याच्या वजनाच्या निम्म्याहून थोडे जास्त पाणी उरते, ४०० फेऱ्यांनंतर जवळपास वजनाइतके. म्हणजे जोराच्या स्पिननंतर हा भरणा सुमारे १.९ किलोचा, हलक्या स्पिननंतर सुमारे २.४ किलोचा निघेल. हे जादा अर्धा किलो पाणी दुहेरी उपयोगाचे असते. एक तर कपडे ड्रमच्या भिंतीवर तितके दाबले जात नाहीत, त्यामुळे खोल घड्या पडत नाहीत. दुसरे म्हणजे कुर्ता हँगरला लावल्यावर तेच पाणी खाली उतरताना आपल्या वजनाने कापड खाली ओढते आणि उरलेल्या सुरकुत्या सरळ करते. खांद्याजवळचा भाग आधी वाळतो आणि घेर शेवटपर्यंत जड राहतो. घेराला इस्त्री कमी लागते ती त्यामुळे.

हाच भरणा बोअरच्या पाण्यात धुवायचा असेल, तर क्रम असा राहील. गडद निळीचा, म्हणजे इंडिगोचा कुर्ता असेल तर आतल्या शिवणीवर ओले पांढरे फडके घासून पाहावे. रंग लागला तर तो कुर्ता वेगळा, बादलीत धुवावा. रंग पक्का करायला मीठ किंवा व्हिनेगर घालण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण सुती कापडावरचा सुटणारा रंग त्याने बांधला जात नाही. उरलेल्या कपड्यांची कॉलर, मनगटे आणि काखेचा भाग आधी ओला करून त्यावर थेंबभर द्रव डिटर्जंट बोटांनी चोळावे. ब्रश लावू नये. सौम्य आवर्तन चिवट मळ काढत नाही, म्हणून एवढे काम हाताने करावेच लागते. बटणे लावून कपडे उलटे करावेत. डिटर्जंट द्रवच घ्यावे, कारण थंड पाण्यात पावडर पूर्ण विरघळत नाही. बाटलीवर पूर्ण भरण्यासाठी दिलेल्या मात्रेच्या तिसऱ्या भागाइतके या भरण्याला पुरते. तापमान ३०, स्पिन ४००, आणि ‘एक्स्ट्रा रिन्स’चे बटण चालू. पाणी कठीण असल्याने ही जादा खळबळ येथे सोडू नये. मशीन थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत कपडे बाहेर काढावेत. बंद ड्रममध्ये तासभर पडलेला ओला ढीग स्वतःच्या वजनाने पुन्हा घड्या पाडतो आणि सौम्य आवर्तनाचा फायदा वाया जातो.

डिटर्जंट निवडताना लेबल वाचण्यासारखे असते. शुभ्रतेचे आश्वासन देणाऱ्या बहुतेक उत्पादनांत प्रकाशात निळसर चमकणारी द्रव्ये असतात. न रंगवलेल्या, मूळच्या बदामी छटेच्या खादीवर ती बसली की ती छटा जाते आणि परत येत नाही. काही डिटर्जंटमध्ये सेल्युलेज हे विकर असते. ते सुती कापडावरची लव खाऊन रंग उजळ दाखवते. पण खादीचे सूत आधीच सैल असल्याने तिच्यासाठी त्याचा नेहमीचा वापर योग्य नाही. रिठ्याचे पाणी सौम्य असते आणि कठीण पाण्यातही त्याचा साका होत नाही. ते मात्र बादलीतल्या धुलाईसाठी आणि रंगीत कपड्यांसाठी वापरावे, कारण त्याचा तपकिरी रंग पांढऱ्यावर उतरू शकतो.

सेमी-ऑटोमॅटिक मशीन वापरणाऱ्यांना आवर्तनाची निवड नसते, पण वेळ हातात असते. तळाशी फिरणारी चकती कपड्यांना पीळ घालते, म्हणून कुर्ते जाळीच्या पिशवीत घालून, टाकी पाण्याने पूर्ण भरून तीन-चार मिनिटेच फिरवावेत. शेजारच्या टबमध्ये स्पिन अर्ध्या मिनिटात बंद करावा. लिननची किंवा खादीची साडी अशा मशीनमध्ये घालूच नये. साडेपाच मीटरचे कापड चकतीभोवती दोरखंडासारखे वळले जाते आणि तो पीळ नंतर कडक इस्त्रीनेही पूर्ण जात नाही. तिच्यासाठी बादलीच बरी: बुडवायची, दाबायची, न पिळता काठीवर निथळत ठेवायची.

वाळवताना कपडा आधी दोनदा झटकावा, कॉलर आणि पट्टी हाताने ओढून सरळ करावी आणि रुंद खांद्याच्या हँगरला लावावा. दोरीवर मधोमध टाकला तर दोरीची रेघ पोटावर पडते. सावलीत पण वाऱ्यावर वाळवणे उत्तम. भर उन्हात लिनन कोरडेठाक झाले की सुरकुत्या पक्क्या होतात, शिवाय रंगही उतरतो. कोकणातल्या पावसाळ्यात नेमकी उलट अडचण येते. हलक्या स्पिनमुळे जास्त पाणी धरलेला कपडा दीड-दोन दिवस ओला राहतो, त्याला कुबट वास येतो आणि पुढे बुरशीचे काळे ठिपके पडतात. त्या दिवसांत स्पिन ६०० वर न्यावा आणि कपडा पंख्याखाली लावावा. थोड्या सुरकुत्या परवडतात. बुरशीचे डाग जात नाहीत.

इस्त्री कपडा किंचित ओलसर असतानाच करावी. पूर्ण वाळला असेल तर पाणी शिंपडून, घट्ट गुंडाळून अर्धा तास ठेवावा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते. परीट हेच करतो. इस्त्रीच्या चकतीवर ‘लिनन’ ही सर्वांत वरची खूण असते आणि लेबलवरील इस्त्रीच्या चित्रातले तीन ठिपके म्हणजे २०० अंशांपर्यंत. ओलसर लिननला एवढी उष्णता सोसते; व्हिस्कोस मिसळलेल्या लिननला सोसत नाही, म्हणून लेबल पाहिल्याशिवाय चकती वर नेऊ नये. गडद रंग उलट्या बाजूने इस्त्री करावा, नाहीतर शिवणींवर चकाकी येते.

खादीला मुद्दाम कडकपणा हवा असेल तर तो खळीने आणावा. साबुदाण्याची पातळ, गाळलेली खळ किंवा भाताची पेज पाण्यात सारखी मिसळून धुतलेला, निथळलेला कपडा त्यात बुडवतात. खळ मशीनमध्ये घालू नये. ती नळीत आणि ड्रमच्या मागे साचते. परीटघडीच्या कुर्त्यासाठी ही पद्धत जुनी आणि चांगली आहे, पण खळ घातलेला कपडा महिनोन्‌महिने कपाटात ठेवण्यासारखा नसतो. पिष्टासाठी कसर लागते आणि खळीने ताठ झालेल्या घडीवर तंतू वाकण्याऐवजी तुटतात. लिननचे टेबलपोस वर्षानुवर्षे एकाच रेघेवर घडी घातल्याने नेमके त्याच रेघेवर फाटतात. हंगाम संपल्यावर कपडे खळ पूर्ण धुऊन, इस्त्री न करता, सैल गुंडाळून ठेवावेत. घडी घालायचीच असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी तिची जागा बदलावी.